क्रिएटिनिन उतरण्याआधी

‘मामांचं क्रिएटिनिन काल ५.५ होतं, आज ५.६ आलंय. सारखं वाढतंच चाललंय. पुण्याला हलवू का?’ असा मेसेज, आणि त्याखाली वॉर्डातल्या तक्त्याचा फोटो. जिल्ह्याच्या गावी काम करणाऱ्या फिजिशियनच्या फोनवर मे महिन्यात असे फोटो बरेच येतात. प्रश्न विचारणारा घाबरलेला असतो, आणि त्याचं घाबरणं चूक नाही. आकडा खरोखरच वाढलेला आहे. पण तोच फोटो जरा निवांतपणे पाहिला तर मामांची किडनी दोन दिवसांपूर्वीच कामाला लागली आहे, हे त्या कागदावर लिहिलेलं सापडतं. ते नेमकं कुठे लिहिलेलं असतं, ते सांगायचं आहे.

नमुन्यासाठी एक तक्ता घेऊ. आकडे रचलेले आहेत, पण रोज पाहण्यातल्या तक्त्यांसारखेच. रुग्ण ५२ वर्षांचा शेतकरी. ब्लडप्रेशरसाठी रोज टेल्मिसार्टनची गोळी. उन्हात काम, त्यात दोन दिवस जुलाब-उलट्या, अंग ठणकतंय म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. शरीरातलं पाणी आटलेलं असताना किडनीला रक्त पुरवण्यासाठी शरीर ज्या दोन युक्त्या करतं, त्यातली एक ब्लडप्रेशरची ही गोळी अडवते आणि दुसरी ही वेदनाशामक गोळी. जुलाब आणि या दोन गोळ्या एकत्र आल्या की धडधाकट माणसाचीही किडनी दोन दिवसांत बंद पडू शकते. ६ मे रोजी तो दाखल झाला. तेव्हापासून १३ मेपर्यंतची क्रिएटिनिनची ओळ अशी: ३.१, ४.२, ५.०, ५.५, ५.६, ५.१, ४.२, ३.२. त्याखाली कुणीतरी निळ्या पेनाने २४ तासांतली लघवी मिलिलिटरमध्ये लिहिली आहे: २५०, ३००, ५५०, ९००, १६००, २६००, ३१००, २८००.

हे वाचण्याआधी फोटोकडे फोटो म्हणून पाहावं लागतं. हाताने लिहिलेल्या तक्त्यात तारखा डावीकडून उजवीकडे जातात, पण लॅबच्या कॉम्प्युटरमधून निघालेल्या एकत्रित रिपोर्टमध्ये अनेकदा सर्वांत ताजा रकाना डावीकडे, पहिलाच छापलेला असतो. वरची तारखांची पट्टी फोटोत कापली गेली असेल, तर सुधारणारा रुग्ण बिघडताना दिसेल आणि बिघडणारा सुधारताना. म्हणून तारखा दिसत नसतील तर अंदाज न लावता फोटो पुन्हा मागवावा. त्यात नाव आणि दाखल नंबरही दिसला पाहिजे, कारण शेजारच्या खाटेचा कागद पाठवला गेल्याचं मी पाहिलं आहे. छापील रिपोर्टवर दोन वेळा असतात, एक नमुना घेतल्याची आणि एक रिपोर्ट दिल्याची. आपल्याला हवी ती पहिली. संध्याकाळी सहाचा नमुना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा नमुना यांत बाराच तास गेलेले असतात. तारखा दोन दिसल्या म्हणून पूर्ण दिवस धरला तर वेगाचा हिशेब निम्म्याने चुकतो.

दशांशचिन्ह हा घडी पडलेल्या कागदाचा आणि फ्लॅशच्या उजेडाचा पहिला बळी. ४.२ चं ४२ दिसतं. इथे शेजारचे आकडे कामाला येतात: ३.१ आणि ५.० यांच्या मधल्या दिवशी ४२ असणं शक्य नाही. युरियाच्या ओळीत मात्र असा आधार मिळत नाही, कारण तिथे ४२ हा अगदी बरा आकडा असतो. शिवाय काही लॅब युरिया देतात आणि काही ब्लड युरिया नायट्रोजन, म्हणजे बीयूएन. बीयूएनला साधारण २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. रुग्णालय बदललं आणि युरिया १२८ वरून एकदम ६० झाला, असा आनंद काही वेळा एवढ्याच कारणाने झालेला असतो. क्रिएटिनिनचंही तसंच आहे. दुबईत किंवा लंडनमध्ये असलेल्या मुलाकडच्या रिपोर्टात ते मायक्रोमोलमध्ये असतं. तिथल्या ९० म्हणजे आपल्याकडचे जेमतेम १.०, कारण भागायचं ८८.४ ने.

आता ओळीकडे वळू. घरची माणसं आकडा पाहतात. डॉक्टर दोन आकड्यांमधलं अंतर पाहतात. ३.१ ते ४.२ म्हणजे दिवसात १.१ ची वाढ. पुढे ०.८. पुढे ०.५. मग ०.१. त्यानंतर उतार: ०.५, ०.९, १.०. अशी ही दुसरी ओळ पेन्सिलीने तक्त्याखाली लिहून पाहावी. वरच्या ओळीत १० मेपर्यंत सगळं बिघडत चाललेलं दिसतं, तर खालच्या ओळीत ८ मेपासूनच वेग ओसरायला लागलेला दिसतो.

हे असं का होतं? क्रिएटिनिन हे स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारं टाकाऊ द्रव्य. स्नायू ते दिवसभर रक्तात सोडत राहतात, किडनी ते लघवीतून बाहेर काढत राहते. गच्चीवरच्या टाकीत वरून एकसारखी धार पडत असावी आणि तळाच्या तोटीतून पाणी जात असावं, तसं हे आहे. रक्तातला आकडा म्हणजे टाकीतली पातळी. तोटी पूर्ण बंद झाली तरी पातळी लगेच काठाला लागत नाही, ती हळूहळू चढते. तोटी अर्धवट उघडली तरी जोवर येणारं पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे, तोवर पातळी चढतच राहणार, फक्त सावकाश. ज्या दिवशी पातळी स्थिर होते, त्या दिवशी किडनी तयार होतं तेवढं सगळं क्रिएटिनिन बाहेर टाकू लागलेली असते. आणि ज्या दिवशी ती उतरते, त्या दिवशी रोजचं काम उरकून किडनी मागची थकबाकीही फेडत असते.

किडनी जवळजवळ पूर्ण बंद असेल तर मध्यम बांध्याच्या मोठ्या माणसाचं क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ ने चढतं. हा वेग लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या रुग्णाचा पहिला वेग १.१ होता, म्हणजे त्या दिवशी किडनी जवळपास काहीच गाळत नव्हती. ०.५ म्हणजे काहीतरी चालू झालं. ५.५ वरून ५.६ ला तर वाढ म्हणण्यातही अर्थ नाही, कारण एकाच माणसाचं रक्त त्याच लॅबमध्ये दोनदा तपासलं तरी इतका फरक पडू शकतो. भाच्याने ज्या आकड्यावर पुण्याची गाडी ठरवायला घेतली, तो आकडा खरं तर पठारावर पोहोचल्याचा होता.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती रिपोर्टवर चुकीच्या जागी छापलेली असते. क्रिएटिनिनखाली लॅब आपोआप ईजीएफआर नावाचा आकडा देते. वय, लिंग आणि क्रिएटिनिन सूत्रात घालून किडनी मिनिटाला किती गाळते याचा तो अंदाज. ६ मेला क्रिएटिनिन ३.१, ईजीएफआर सुमारे २३. १३ मेला क्रिएटिनिन ३.२, ईजीएफआर सुमारे २२. कागदावर आठवड्याने किडनी होती तिथेच, उलट किंचित खालीच. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी ती जवळपास बंद होती आणि शेवटच्या दिवशी चांगलीच चालू होती. सूत्र चुकीचं नाही. ते पातळी स्थिर आहे असं धरून चालतं, आणि इथे पातळी आधी वर धावत होती, मग खाली. आकडा रोज बदलत असताना ईजीएफआरची ओळ झाकून ठेवावी, हे मी निवासी डॉक्टरांनाही सांगतो.

अर्थात वेग मंदावला म्हणजे सुटलो, असं एकट्या क्रिएटिनिनवरून म्हणता येत नाही. म्हणूनच निळ्या पेनाची ती लघवीची ओळ मोलाची. २५० वरून ३००, मग ५५०, मग ९००: क्रिएटिनिनचा वेग ओसरतोय आणि त्याच दिवसांत लघवी वाढतेय. दोन वेगळ्या वाटांनी आलेले साक्षीदार एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही. ही लघवी लघवी वाढवणारं इंजेक्शन देऊन काढलेली आहे का, एवढं मात्र विचारून घ्यावं. फ्युरोसेमाइडने लघवी वाढली तरी किडनी गाळू लागली असं होत नाही. तसं असेल तर क्रिएटिनिनचा वेग कमी होत नाही आणि दोन ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. पोटॅशियमची ओळही सोबत धरावी. आपल्या रुग्णाचं ते ५.६, ५.८ असं चढून मग ५.४, ५.१, ४.८ असं उतरलं. हे उतरणं चांगलं, पण त्यात औषधांचाही वाटा असू शकतो.

पोटॅशियम हा या तक्त्यातला एकमेव आकडा, ज्यासाठी उद्याच्या रकान्याची वाट पाहायची नसते. ६ च्या वर गेलं तर वेग आणि कल असले हिशेब बाजूला ठेवून लगेच ईसीजी काढतात, कारण धोका थेट हृदयाला. दम लागणं, गुंगी येणं, लघवी जवळपास थांबणं यांचंही तसंच. अशा वेळी कागदावर क्रिएटिनिन ४ आहे की ७, याने डायलिसिसचा निर्णय बदलत नाही.

आता खोट्या सुधारणेबद्दल. आकडा उतरला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून ती जास्त फसवते. समजा आपल्या तक्त्यात ५.० आणि ५.५ च्या मध्ये, एका दुपारच्या नमुन्यात अचानक २.९ आलं. रात्रपाळीला नवीन माणूस असेल, डाव्या हाताला सलाईन चालू असेल आणि रक्त त्याच हातातून, सलाईनच्या वरच्या बाजूने काढलं गेलं असेल, तर नळीत रक्त कमी आणि सलाईन जास्त. हे ओळखायची खूण त्याच रकान्यात खाली असते. युरिया निम्मा झालेला असतो, पोटॅशियम ३ च्या खाली गेलेलं असतं, हिमोग्लोबिन १२ वरून ७ वर आलेलं असतं, आणि क्लोराइड मात्र वर, कारण ते सलाईनमध्येच भरपूर असतं. सगळी किडनी, सगळं रक्त आणि सगळे क्षार एकाच दुपारी मिळून कधी बदलत नाहीत. असा रकाना खोडून दुसऱ्या हातातून नमुना घ्यायचा.

उलटी गंमत पोटॅशियमची. बारीक सुईने ओढून काढलेलं, हेलकावे खात लांबच्या लॅबला गेलेलं रक्त नळीतच फुटतं आणि तांबड्या पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. क्रिएटिनिन सावकाश उतरतंय आणि पोटॅशियम मात्र एकदम ६.९, असं दिसलं तर रिपोर्टच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का ते शोधावं. पण शेरा सापडला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. ईसीजी आणि ताजा नमुना दोन्ही तातडीनेच.

दुसरी खोटी सुधारणा डायलिसिसची. तक्त्यात दोन रकान्यांच्या मध्ये एखादी उभी रेघ आणि ‘एचडी’ अशी दोन अक्षरं असतात. फोटोत ती सहज निसटतात. चार तासांच्या डायलिसिसने क्रिएटिनिन ७.८ वरून ३.४ वर येऊ शकतं. हे यंत्राचं काम आहे, किडनीचं नाही. पाहायचं ते पुढे काय होतं. दुसऱ्या दिवशी ४.६ आणि तिसऱ्या दिवशी ५.७ असेल, तर दिवसाचा वेग १.१ च्या वर, म्हणजे किडनी अजून झोपलेली. तेच डायलिसिसनंतर ३.४, मग ३.९, मग ४.१ असेल आणि लघवी वाढत असेल, तर पुढच्या वेळचं डायलिसिस पुढे ढकलून पाहण्याचा विचार डॉक्टर करू लागतात. थोडक्यात, डायलिसिसवरच्या रुग्णाच्या तक्त्यात उतरणी सोडून द्यायच्या आणि दोन डायलिसिसमधले चढ वाचायचे.

तिसरी खोटी सुधारणा फार हळू येते. तीन-चार आठवडे अतिदक्षता विभागात पडून असलेल्या माणसाचे स्नायू वितळलेले असतात. स्नायूच कमी तर क्रिएटिनिन तयारच कमी होणार. अशा माणसाचं १.० हे धट्ट्याकट्ट्या शेतकऱ्याच्या १.० सारखं नसतं. घरी जाऊन तो जेवायला-चालायला लागला की आकडा थोडा चढतो आणि घरचे पुन्हा घाबरतात.

प्रयोगशाळेची पद्धतही यात थोडी लुडबुड करते. क्रिएटिनिन मोजायची जुनी पद्धत माक्स याफे यांच्या १८८६ च्या निरीक्षणावर उभी आहे: पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिनचा संयोग झाला की नारिंगी रंग येतो, रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. आपल्याकडच्या पुष्कळ लॅबमध्ये तिचीच सुधारलेली आवृत्ती चालते. पण डायबेटिसच्या रुग्णाच्या रक्तात किटोन असतील तर तेही रंग देतात आणि आकडा फुगतो. कावीळ जोरात असेल तर आकडा दबतो. एन्झाइमवर चालणाऱ्या पद्धतीला हा त्रास कमी. म्हणून आज एका लॅबचा आणि उद्या दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट घेऊन वेग काढू नये, निदान फरक लहान असेल तेव्हा तरी नाहीच.

पुन्हा आपल्या रुग्णाकडे. ११ मेपासून आकडा उतरू लागला आणि लघवी दिवसाला तीन लिटरवर गेली. घरात पेढे वाटायची तयारी. पण या टप्प्यावर डॉक्टर तक्त्याच्या खालच्या ओळी जास्त पाहतात. जागी झालेली किडनी सुरुवातीला गाळते भरपूर, पण पाणी आणि क्षार परत खेचून घेण्याचं कसब तिला अजून आलेलं नसतं. पोटॅशियम १३ मेला ३.६ वर आलं आहे, ते आणखी खाली जाऊ शकतं. लघवीतून गेलेलं पाणी सलाईनने किंवा पिऊन भरून निघालं नाही, तर शरीर पुन्हा कोरडं पडतं आणि उतरणारं क्रिएटिनिन मध्येच अडखळतं. ४.२, ३.२ आणि त्यानंतर ३.३, ३.५ असं दिसलं तर ती नवी बिघाडी असते, आणि तिचं कारण बहुधा पाणी कमी पडणं, नवा संसर्ग किंवा मध्येच सुरू केलेलं एखादं अँटिबायोटिक यांतलं एक निघतं.

या सगळ्यात एक आकडा तक्त्यावर नव्हताच, आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा होता: आजारापूर्वीचं क्रिएटिनिन. आपल्या शेतकऱ्याच्या बायकोला गावच्या शिबिरातली सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी ट्रंकेत सापडली, त्यावर १.० होतं. त्यामुळे ३.१ हा ताजा घाव आहे हे ठरलं आणि कुठवर उतरायला हवं तेही. तीच चिठ्ठी २.४ ची असती तर कथा निराळी: जुन्या दुखण्यावर नवा घाव, आणि उतरून उतरून २.४ ला थांबलं तरी ते बरं झाल्यासारखंच. जागतिक पातळीवरची २०१२ ची केडिगो मार्गदर्शक तत्त्वं अचानक झालेल्या इजेची व्याख्या करतात तीही फरकावरच: ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट. मूळ आकडाच ठाऊक नसेल तर दीडपट कशाची, हे कळणार कसं?

किडनीचा जुना आजार असलेल्यांचा तक्ता दिवसांचा नसून महिन्यांचा असतो आणि तो वेगळ्या सवयीने वाचावा लागतो. २.०, २.२, २.१, २.३ अशा ओळीत एका रकान्याने आनंदून किंवा खचून जाऊ नये. आदल्या रात्रीचं मटण, दिवसभराचा प्रवास, कमी पाणी एवढ्यानेही तेवढा फरक पडतो. टेल्मिसार्टनसारखी गोळी नव्याने सुरू केल्यावर ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, कारण पुढे त्याच गोळीने किडनी जास्त टिकते. इथे मात्र ईजीएफआरची ओळ उघडावी, कारण पातळी स्थिर आहे आणि सूत्र नीट चालतं. आपल्या ५२ वर्षांच्या माणसाचं क्रिएटिनिन १ वरून २ झालं तर ईजीएफआर सुमारे ९० वरून ४० च्या खाली येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त किडनी गेली. ४ वरून ५ झालं तर जाण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. तरीही लोक १.४ ला ‘थोडंसंच वाढलंय’ म्हणतात आणि ४ चे ५ झाले की धावत सुटतात.

आपल्या शेतकऱ्याला १५ मेला २.१ वर घरी सोडलं. टेल्मिसार्टन बंद, वेदनाशामक गोळ्यांना कायमची मनाई. २२ मेला १.४. पुढची तारीख ऑगस्टमधली, तीन महिन्यांनंतरची: क्रिएटिनिन त्याच लॅबमध्ये, ब्लडप्रेशर, आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी. कारण क्रिएटिनिन १.१ वर येऊनही लघवीतून अल्ब्युमिन जात राहिलं, तर किडनीला मागे राहिलेली इजा त्या दुसऱ्या तपासणीतच दिसते.